बिलात २८८ लिहिलंय, आम्ही मागवले १२०. पैसे भरायच्या आधी विचारायचं कसं?

निळी_शाई
ऑफिसातली खरेदी दोन महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात पडली, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आम्ही एका पुरवठादाराकडून १२० लॅम्पशेड मागवल्या. दर ३५० ठरला होता. कोटेशनच्या तळाशी दोन वाक्यं होती, 'पॅकिंग दरात समाविष्ट' आणि 'वाहतूक प्रत्यक्ष खर्चानुसार'. माल आला, मी स्वतः मोजला, १२० च्या १२० धडधाकट. मग बिल आलं ते असं (कराची ओळ सोडून देते):

लॅम्पशेड १२० × ३५० : ४२,०००
पॅकिंग : १,८००
फ्रेट २८८ : ५,७६०
एफएससी १५% : १,१३४
इतर : १,२००
एकूण : ५१,८९४

वाहतुकीचा दर किलोला २० असं त्यांच्या सेल्सवाल्याने फोनवर सांगितलं होतं. एकेक खोकं मी आमच्या काट्यावर ठेवलं, ९ किलो भरलं. बारा खोकी म्हणजे १०८ किलो, म्हणजे २,१६० व्हायला हवेत. हे २८८ काय आहे? किलो, नग की किलोमीटर? एफएससी काय ते माहीत नाही आणि 'इतर' बघून तर नुसता संताप झाला.

आमचे साहेब म्हणतात, "भरून टाक, पुन्हा त्यांच्याकडूनच घ्यायचंय." मला विचारायचं आहे, पण चोर ठरवल्यासारखं वाटू नये. मुदत ३० दिवसांची आहे, त्यातले ११ गेले.

तिरकस
'इतर' म्हणजे बिल टाइप करणाऱ्याच्या बोटांची मजुरी.

गोदामवाला
सरळ चूक आहे. दुसऱ्या कुणाचं वजन तुमच्या बिलात चिकटवलंय. १०८ च्या जागी २८८, म्हणजे १८० किलो जास्तीचे. तेवढे ३,६०० कापा, उरलेले भरा आणि विषय संपवा. विचारत काय बसायचं?

हिशेबनीस
गोदामवाले, थांबा जरा. ताई, आधी एक सांगा, खोक्याची लांबी, रुंदी, उंची किती? बाहेरून मोजा, टेपने, फुगलेल्या बाजूला.

निळी_शाई
आत्ताच मोजलं. ६० × ५० × ४० सेंमी. सगळी खोकी सारखीच आहेत. पण वजनाशी याचा काय संबंध?

हिशेबनीस
संबंध आहेच. मालवाहतूकवाला गाडीतली जागा विकत असतो. लॅम्पशेडसारखी हलकी पण फुगीर वस्तू वजन न वाढवता गाडी भरून टाकते. म्हणून तो खोक्याचं 'आकारमानी वजन' काढतो आणि ते व काट्यावरचं वजन यांत जे जास्त असेल त्यावर पैसे लावतो.

६० × ५० × ४० = १,२०,००० घन सेंमी. त्याला ५,००० ने भागा, २४ येतात. बारा खोकी गुणिले २४ = २८८. २८८ × २० = ५,७६०. तुमचं कोडं सुटलं. ते किलोच आहेत, फक्त काट्यावरचे नाहीत.

आता याने दोन गोष्टी होतात. एक, फ्रेटची ओळ बहुतेक प्रामाणिक आहे, त्यामुळे गोदामवाल्यांच्या सल्ल्याने ३,६०० कापले असते तर तोंडघशी पडला असता. दोन, तरीही विचारायला जागा आहे. भाजक सगळीकडे एकच नसतो. एक्सप्रेस कुरिअरवाले सहसा ५,००० ने भागतात, हवाई कार्गोत ६,००० चालतो. ६,००० ने हाच माल २४० किलो झाला असता. कोटेशनमध्ये 'प्रत्यक्ष खर्चानुसार' लिहिलंय ना? मग वाहतूकदाराने पुरवठादाराला दिलेल्या बिलाची प्रत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रत जोडली नाही तर त्या शब्दांना काही अर्थ राहत नाही.

गोदामवाला
आमच्याकडे लोखंडी सुटे भाग येतात. तिथे हे कधी बघितलं नाही. बोललो ते मागे घेतो.

हिशेबनीस
लोखंडात काट्यावरचं वजनच नेहमी जास्त भरतं, त्यामुळे तुम्हाला आकारमान कधी दिसलंच नाही. चूक तुमची नाही.

मधली_सुट्टी
मी याच त्रासात आहे. ग्राहकाला बिल पाठवून तीन महिने झाले, दर वेळी "बघतो" म्हणतो. काय करावं?

तिरकस
मधली_सुट्टी, तुम्ही नेटच्या पलीकडच्या बाजूला उभे आहात. तुमचा ग्राहक या धाग्याचा वाचक असणार, आणि त्याला 'इतर' म्हणजे काय ते अजून कळलेलं नसणार.

मधली_सुट्टी
हसा. पण खरंच माझ्या बिलात 'संकीर्ण' अशी एक ओळ आहे. त्याच्यामुळे तर नसेल अडलं?

आवक_जावक
मी एका पुरवठादाराकडे बिलिंगमध्ये आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते. मधली_सुट्टी, शक्यता दाट आहे. ग्राहकाकडचा माणूस ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल असे तीन कागद शेजारी ठेवतो. बिलातल्या ओळीला ऑर्डरमध्ये जोडीदार मिळाला नाही की तो ते बिल ट्रेच्या तळाशी सारतो. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. तुम्हीच फोन करून विचारा, "कुठली ओळ अडली?" "पैसे कधी?" विचारलंत तर पुन्हा "बघतो" ऐकाल.

आणि निळी_शाई, विचारण्याने आम्हाला राग येत नाही. राग येतो तो अर्धवट विचारण्याचा. "बिल जास्त वाटतंय, बघून घ्या" असा मेल आला की मी काय बघू? रोज शंभरेक बिलं माझ्या हातून जातात. मग मी सेल्सला विचारते, सेल्सवाला म्हणतो "दर बरोबर आहे", मी "दर बरोबर आहे" असं उत्तर पाठवते, आणि दहा दिवस वाया. त्यापेक्षा ओळ क्रमांक, ठरलं काय होतं, लावलं काय, आणि हवं काय, हे एकदाच आणि एकाच मेलमध्ये लिहा. आज फ्रेट, परवा पॅकिंग असं हप्त्याहप्त्याने विचारू नका.

आणखी एक. सेल्सवाल्याला फोन करून मोकळं होऊ नका. तो फोनवर गोड आवाजात "काढून टाकतो हो" म्हणेल. खरं सांगते, त्यातलं निम्मं आमच्यापर्यंत पोचत नाही. मेल अकाउंट्सला, सेल्सला प्रत.

पेन्सिल_२
फोन करायचाच नाही का मग? मला तर फोनवर निम्मं काम होतं.

आवक_जावक
करा की. पण फोननंतर दोन ओळींचा मेल टाका, "आत्ता बोललो त्याप्रमाणे". तो मेल नसेल तर फोन झालाच नाही असं धरा.

निळी_शाई
मी असा लिहिलाय, बघा:

"नमस्कार. आपल्या बिलात अनेक अवाजवी शुल्कं लावलेली आढळली. कोटेशनमध्ये नसलेल्या रकमा आम्ही देणार नाही. कृपया त्वरित सुधारित बिल पाठवावे."

हिशेबनीस
फाडून टाका. 'अवाजवी' हा निकाल झाला, प्रश्न कुठे आहे? फ्रेट तर तुम्हीच आत्ता बरोबर ठरवलंत. शिवाय 'अनेक' म्हणजे कुठली ते आवक_जावक यांना कळणार नाही. ओळ दर ओळ जाऊ.

पॅकिंग सगळ्यात सोपं. कोटेशनमध्ये 'समाविष्ट' आहे, बिलात १,८०० आहेत. कोटेशनची तारीख आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहा. बारा खोकी गुणिले १५० असणार, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये खोक्यामागे पॅकिंग आपोआप पडत असावं. लबाडी गृहीत धरू नका.

आता एफएससी म्हणजे इंधन अधिभार. डिझेलच्या भावाप्रमाणे वाहतूकदार फ्रेटवर टक्क्यांनी लावतो. ५,७६० चे १५ टक्के किती? ८६४. तुम्हाला लावलेत १,१३४. उलटं गणित करा, १,१३४ म्हणजे ७,५६० चे १५ टक्के. आणि ७,५६० म्हणजे ५,७६० अधिक १,८००. इंधन अधिभार पॅकिंगवरही लागलाय! पुठ्ठ्याचं खोकं डिझेल पीत नाही. २७० चा फरक आहे. रक्कम किरकोळ, पण हे एकदा सेटिंगमध्ये बसलं की प्रत्येक बिलात येत राहतं.

तिरकस
हिशेबनीस, तुम्ही लग्नात आहेराची पाकिटंही अशीच उघडता का?

हिशेबनीस
बायको करते ते काम. माझ्यापेक्षा कडक आहे.

रुक्मिणी_क
मूळ प्रश्नाला धरून माझा अनुभव. छापील लेबलं मागवली होती, ५,००० नग, दर ८४०. बिल आलं तेव्हा पोटात गोळा, कारण एकूण आकडा ४२,००० च्या आसपास असणार हा माझा हिशेब होता आणि बिल होतं ४,२०,०००! तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की कोटेशनमधला दर शंभराचा होता आणि बिल करताना कुणीतरी दहाचा धरलाय. दराच्या शेजारी 'प्रति' चा रकाना बारीक अक्षरात असतो. तेव्हापासून बिल हातात आलं की मी रक्कम नंतर बघते, आधी एकक बघते. यांच्या २८८ शेजारी 'किग्रॅ' एवढं लिहिलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

गोदामवाला
एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. वाद आहे तोवर एकही पैसा देऊ नका. बिल चुकीचं असेल तर ३० दिवसांची मुदत चालूच होत नाही. नवं बिल येईल त्या तारखेपासून मोजायची.

आवक_जावक
हे तुमच्या करारात लिहिलं असेल तर. नसेल तर आमचं सॉफ्टवेअर जुन्या तारखेपासूनच मोजतं आणि एकतिसाव्या दिवशी तुमचं नाव थकबाकीच्या यादीत लाल होतं. पुढची ऑर्डर त्यामुळे अडते. मी स्वतः अडवल्या आहेत. ग्राहक म्हणतो "वाद होता", मी म्हणते "लेखी कुठे होता?"

गोदामवाला
आणि अर्धे दिले तर बिल मान्य केल्यासारखं नाही का होत? आमचे वकील तसंच म्हणतात.

हिशेबनीस
नुसते अर्धे पाठवलेत तर तसा अर्थ काढता येतो, हे वकिलांचं खरं. पण मालाच्या ४२,००० बद्दल यांचा वाद नाहीच. ते देताना लिहायचं की अमुक बिलातली ओळ १, बाकीच्या ओळींबद्दल अमुक तारखेचा मेल बघावा, त्या मान्य केलेल्या नाहीत. बिल नंबर न लिहिता पैसे गेले तर ते तुमच्या सगळ्यात जुन्या बाकीत जमा होतात, आणि हे बिल होतं तिथंच राहतं.

करार कडक असेल, रक्कम मोठी असेल तर मात्र मीही वकिलाला विचारीन. आपलं इथं एकमत होईलसं वाटत नाही.

गोदामवाला
नाही होणार. मी थांबवणाराच.

पेन्सिल_२
साधा प्रश्न. पॅकिंगचे १,८०० आणि ते २७० कापून उरलेले पाठवले तर काय बिघडतं? चूक तर त्यांचीच आहे ना.

आवक_जावक
तुमच्या वहीत ते बिल भरलं, माझ्या वहीत २,०७० बाकी. वर्षअखेरीला खाती जुळवताना ती बाकी उभी राहते, तोवर मेल लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. त्यांच्याकडून क्रेडिट नोट घ्या, मूळ बिलाचा नंबर त्यावर आहे का बघा, मग तेवढं वजा करून भरा. कराचा हिशेबही त्यानेच सुधारतो. कापाकापी मनाने करू नका.

निळी_शाई
पुन्हा लिहिला. हा आज पाठवतेय:

"नमस्कार. अमुक बिलातील पुढील ओळींचा खुलासा मिळाल्यास बाकी रक्कम लगेच भरता येईल.
ओळ २, पॅकिंग १,८००: आपल्या कोटेशनमध्ये 'पॅकिंग दरात समाविष्ट' असे आहे. ही रक्कम कशाची?
ओळ ३, फ्रेट २८८: हे आकारमानी वजन असावे असे वाटते. वाहतूकदाराच्या बिलाची प्रत पाठवावी.
ओळ ४, अधिभार: ५,७६० वर १५ टक्के ८६४ होतात. १,१३४ कसे?
ओळ ५, इतर १,२००: कशाचे व किती वेळा, ते कळवावे.
ओळ १ चे ४२,००० आज भरत आहोत. जास्त लागलेल्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी. शुक्रवारपर्यंत उत्तर मिळाले तर मुदतीत सगळे पूर्ण होईल."

साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "यात भांडण कुठेय?" म्हणजे पास.

तिरकस
पहिल्या मेलपेक्षा हाच मला जास्त घाबरवतोय.

रुक्मिणी_क
एक शंका. लॅम्पशेड शंकूच्या आकाराच्या आहेत ना? एकात एक बसतात. खोक्यात दहाच का भरल्या?

हिशेबनीस
रुक्मिणीताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! एकात एक रचून वीस बसल्या असत्या तर सहा खोकी, १४४ आकारमानी किलो. काट्यावरही फार तर १०८ च. म्हणजे फ्रेट निम्मं. वाहतूक 'प्रत्यक्ष' आहे खरी, पण ती किती व्हावी हे पॅकिंग करणाऱ्याने ठरवलं आणि पैसे यांनी दिले.

आवक_जावक
रचल्या की घासतात. वरच्या शेडचा काठ खालच्या कापडावर रेघ ओढतो, मग तुम्हीच नुकसानीचा दावा लावता. मध्ये कागद घालून रचायचं तर वेळ लागतो. आम्ही पण मोकळ्याच भरतो. आणि ऑर्डरमध्ये 'खोक्यात किती' लिहिलेलं नसेल तर नंतर यावर पैसे मागणं मला तरी पटत नाही.

रुक्मिणी_क
पण मग पाठवण्याआधी "फ्रेट एवढं होईल" असं सांगायला काय हरकत होती?

आवक_जावक
हरकत काहीच नाही. खोक्यांची संख्या आम्हाला आदल्या दिवशीच माहीत असते.

निळी_शाई
उत्तर आलं, शुक्रवारच्या आधीच! आणि सुरात अजिबात राग नाही.

पॅकिंग: त्यांनी लिहिलंय की नव्या सॉफ्टवेअरमध्ये खोक्यामागे १५० आपोआप लागतात, आमच्या कोटेशनची अट तिथे टाकायची राहिली. १,८०० आणि अधिभाराचे २७० मिळून २,०७० ची क्रेडिट नोट आली, मूळ बिलाच्या नंबरासकट.

फ्रेट: वाहतूकदाराच्या बिलाची प्रत जोडलीय. २८८, भाजक ५,०००, दर २०. हिशेबनीस, तुम्हाला साष्टांग नमस्कार. ते भरलं. रचून भरण्याबद्दल विचारलं, ते म्हणाले पुढच्या ऑर्डरला मध्ये कागद घालून वीस भरू, पण ओरखड्यांची जबाबदारी घेणार नाहीत. साहेब विचार करतायत.

आता 'इतर १,२००'. हे पुन्हा डिलिव्हरीचं शुल्क निघालं, ६०० प्रमाणे दोनदा. गाडी येऊन परत गेली म्हणे, मंगळवारी संध्याकाळी ६:२० ला आणि बुधवारी दुपारी १:१० ला. मंगळवारचं खरं असू शकतं, आमचं गेट सहाला बंद होतं. पण बुधवारी दुपारी आम्ही सगळे आत होतो. वॉचमनच्या वहीत त्या वेळेची नोंद नाही. वॉचमन म्हणतो, "मॅडम, एकला मी जेवायला जातो."

तिरकस
म्हणजे ६०० रुपयांचा डबा खाल्ला त्याने.

गोदामवाला
वहीत नोंद नाही म्हणजे गाडी आली नाही. देऊ नका.

हिशेबनीस
वहीत नोंद नाही म्हणजे वहीत नोंद नाही, एवढंच. वाहतूकदाराकडे गाडीचं लोकेशन किंवा ड्रायव्हरने केलेल्या फोनची नोंद असते, ती पुरवठादारामार्फत मागवा. पहिले ६०० देऊन टाका आणि दुसऱ्या ६०० पुरता वाद उघडा ठेवा. आणि हो, पत्त्याखाली माल घेण्याची वेळ लिहिली होती का ऑर्डरमध्ये?

निळी_शाई
नव्हती.

आवक_जावक
लिहा. आमच्या डिस्पॅचवाल्याला त्या एका ओळीने केवढं बरं वाटतं तुम्हाला कल्पना नाही.

मधली_सुट्टी
माझंही सांगून टाकतो. ग्राहकाला फोन करून "कुठली ओळ अडली" असं विचारलं. तो म्हणाला, "संकीर्ण म्हणजे काय ते कळेना, म्हणून बाजूला ठेवलं." मी म्हटलं थांबा, बघून सांगतो. आता पंचाईत अशी आहे की ते कशाचे लावले होते ते मलाच आठवत नाहीये.

तिरकस
ताई, तो वरचा मेल यांना पाठवा.